दोन्ही आकडे खरे, उत्तर चूक

परवा सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. प्रश्न होता, १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीचा भारतावर काय परिणाम झाला. एका मुलाचं उत्तर वाचताना पेन थांबलं. '१९११ला लोकसंख्या २५.२ कोटी होती, १९२१ला ३१.९ कोटी, म्हणजे २६.६ टक्के वाढ, त्यामुळे साथीचा परिणाम मर्यादित होता.' टक्केवारी मी स्वतः काढून बघितली, अगदी बरोबर.

पण ज्या दशकात एवढी मोठी साथ आली त्याच दशकात २६ टक्के वाढ होईलच कशी? त्याआधीच्या, १९०१ ते ११च्या दशकात वाढ होती जेमतेम पावणेसहा टक्के. तिथेच संशय आला. मुलाला बोलावून विचारलं, आकडे कुठून घेतलेस? म्हणाला, मॅडम, दोन्ही जनगणनेचेच आहेत. आणि खरंच होते. २५.२ कोटी हा आजच्या भारताच्या हद्दीत बसवलेला १९११चा आकडा, आणि ३१.९ कोटी ही १९२१ची तेव्हाच्या ब्रिटिश इंडियन साम्राज्याची मोजणी, ज्यात आजचा पाकिस्तान, बांगलादेश आणि ब्रह्मदेशही आहे. वाढलेली माणसं नव्हतीच ती, नकाशा बदलला होता.

आम्ही बसलो आणि एकाच हद्दीचे आकडे घेतले. आजच्या भारतात १९११ला २५.२१ कोटी, १९२१ला २५.१३ कोटी, म्हणजे साधारण ०.३ टक्के घट. तो लगेच म्हणाला, मग आठ लाख माणसं गेली असं लिहू का? नको रे बाबा, दहा वर्षांत मुलं जन्मलीही की, ही फक्त शेवटची वजाबाकी आहे. मग त्याला आधीचा पावणेसहा टक्क्यांचा वेग लावायला सांगितला, तर १९२१ला साधारण २६.७ कोटी माणसं व्हायला हवी होती, प्रत्यक्षात जवळजवळ दीड कोटी कमी भरली. ही तूट म्हणजेही थेट मृत्यू नाहीत, कारण जन्मही घटले, प्लेग होता, १९१८ला पाऊसही कमी पडला. पण परिणाम मर्यादित होता हे वाक्य आता कोणीच लिहिणार नाही.

ब्रिटिश साम्राज्याच्या हद्दीत मोजलं तर १९११ला ३१.५, १९२१ला ३१.९, म्हणजे साधारण सव्वा टक्का वाढ. म्हणजे हद्द बदलली की घटीची वाढ होते! म्हणून टक्क्याआधी कुठली हद्द ते लिहायलाच हवं, मला हे पहिल्या दिवशी शिकवायला पाहिजे होतं.

राग मुलावर नाहीच आहे. आमच्याकडच्या मार्किंग स्कीममध्ये 'आकडेवारी दिली : १ गुण' एवढंच लिहिलंय, आणि तोच पेपर आधी तपासणाऱ्या सहकाऱ्याने त्या २६.६ला टिकमार्क करून गुण दिलेला. मी तो गुण अजून काढला नाहीये. आकडा चोरलेला नाही, गणित चुकलेलं नाही, स्कीमप्रमाणे त्याचा हक्क आहे, पण निष्कर्ष उलटा आहे, आणि उद्या पेपर परत द्यायचेत.