एका मेसेजचे तीन मेसेज

आज सलूनमध्ये एक काका आलेच नाहीत, फोन केला तर म्हणाले मेसेज आला होता पण इंग्रजी दिसला म्हणून उघडलाच नाही. खूप वाईट वाटलं, कारण त्याच मेसेजमध्ये खाली मराठीपण होतं! मीच दोन्ही भाषा एकत्र टाकल्या होत्या, सगळ्यांचं काम होईल म्हणून.

मग बिल बघितलं तर प्रत्येक रिमाइंडरचे तीन मेसेज मोजलेले. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, पण त्यात एक जरी देवनागरी अक्षर आलं तर अख्खा मेसेज ७० च्या हिशोबात जातो, आणि त्याहून लांब झाला की ६७-६७ चे तुकडे पडतात. माझा जोड मेसेज १५० च्या आसपास होता. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजतात, म्हणजे 'उद्या' हा एवढासा शब्द पाच अक्षरांचा.

संध्याकाळी बसून हा लिहिला: "नमस्कार, उद्या शुक्रवारी संध्याकाळी ५.३० ला तुमची अपॉइंटमेंट आहे." मोजला, ६५. बसला! अपॉइंटमेंट शब्द मुद्दाम ठेवला, 'पूर्वनियोजित भेट' कोण म्हणतं? 'संध्याकाळी' मात्र काढायचं नाही, नुसतं ५.३० वाचून लोक फोन करून विचारतात.

इंग्रजीचा वेगळा केला. आता वहीत प्रत्येक नावापुढे म किंवा इं लिहितेय, अंदाजाने नाही, विचारून. आडनावावरून ठरवलं की हमखास चुकतं.