कार्तिकात अकोल्याहून गोंदियाकडे : पिकांवरून प्रदेश आणि हंगाम ओळखताना

ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात अकोल्याहून गोंदियापर्यंत दिवसाच्या गाडीने, मध्ये पुलगाव आणि भंडारा रोड येथे उतरून, हा प्रवास केला. एकाच रेल्वेमार्गावर कापसाचा मुलूख संपून धानाचा मुलूख सुरू होताना पाहावा आणि स्थानकाचे नाव न वाचता केवळ शेतावरून आपण कोठे व कोणत्या महिन्यात आहोत हे सांगता येते का, हे तपासावे, एवढाच हेतू होता. हे दिवस त्यासाठी सर्वांत सोयीचे आहेत, कारण तेव्हा सोयाबीन निघालेले असते, कापूस फुटलेला असतो, तूर अजून हिरवी असते आणि हलके धान कापणीला आलेले असते.

अकोला ते बडनेरा या टप्प्यात काळी जमीन आणि सपाट, मोकळी शेते दिसतात. येथे वर्षाला सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. जी शेते रिकामी दिसतात ती बहुतेक सोयाबीनची असतात. धुऱ्यालगत, म्हणजे शेताच्या बांधाशी, कुटाराचे म्हणजे भुशाचे ढीग असले तर शंकाच उरत नाही. त्याच शेतात बारीक, सरळ तासांत नुकतीच उगवलेली हिरवळ असेल तर तो हरभरा समजावा. उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, ठरावीक ओळींनंतर पऱ्हाटीहून उंच अशी तुरीची ओळ येते. तुरीची ही जागा नीट लक्षात ठेवावी, कारण पुढे प्रदेश ओळखण्यासाठी तिचाच सर्वाधिक उपयोग झाला.

वर्धा नदी ओलांडून पुलगावला उतरलो आणि गावाबाहेरच्या एका शेतात, मालकीणबाईंची परवानगी घेऊन, एकच झाड खालपासून वरपर्यंत तपासले. पऱ्हाटी खालून वर फुलत जाते, म्हणून एका झाडावर गेल्या दोन-अडीच महिन्यांचा हिशेब क्रमाने मांडलेला सापडतो. अगदी खालच्या फांद्यांवरची बोंडे वेचून रिकामी झाली होती. त्यांच्या वरची दोन-तीन फुटून पांढरी झाली होती, मधली हिरवी व टणक होती आणि शेंड्याकडे पात्या म्हणजे कळ्या व थोडी फुले होती. फुलांपैकी काही मलईसारखी पिवळसर पांढरी होती, तर काही गुलाबी. पहिल्या प्रकारची त्याच दिवशी उमललेली आणि दुसरी आदल्या दिवशीची, हा फरक कपाशीत हमखास दिसतो.

यावरून मागे मोजत गेलो. फूल उमलल्यापासून बोंड फुटायला साधारण ४५ ते ५० दिवस लागतात. खालची बोंडे ऑक्टोबरच्या मध्याला फुटली असे धरले, तर तेथील फुले ऑगस्टच्या अखेरीस आली असणार. आणि पेरणीपासून पहिल्या फुलापर्यंत सुमारे ६० दिवस जातात, म्हणजे सरकी जूनच्या अखेरीस जमिनीत पडली असली पाहिजे. बाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “मिरगात पानी नव्हतं, भाऊ. आर्द्रात टोबलं. पयला वेचा आताच झाला, सीतादही करूनच वेचाले सुरुवात केली.” सीतादही म्हणजे वेचणीच्या आरंभी शेतात करायची पूजा. आर्द्रा नक्षत्र २१-२२ जूनला लागते, तेव्हा हिशेब जुळला. पुढेही याच रीतीने मोजता येते: शेंड्यावरचे आजचे फूल टिकले तर ते डिसेंबरच्या मध्यास फुटेल, म्हणजे या शेतात तेव्हाही वेचणी चालू असेल.

छायाचित्रावरून महिना ठरवायचा असेल तर हीच मोजणी वापरावी. फुले भरपूर आणि एकही बोंड फुटलेले नाही, तर ऑगस्ट-सप्टेंबर. खाली कापूस आणि वर हिरवे, तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाने झडलेली, कापूस केवळ शेंड्याला आणि शेजारची तूर कापणीला आलेली, तर जानेवारी धरावा. मात्र पाने लाल झाली म्हणजे पीक संपत आले, असे समजू नये. लाल्या रोग पडला की बोंडे हिरवी असतानाच पाने लाल होतात. म्हणून निर्णय पानांवर न सोडता बोंडांवर ठेवावा.

नागपूरच्या परिसरात दख्खनच्या काळ्या खडकाची पूर्वेकडील सीमा येते. कामठीनंतर कन्हान नदी ओलांडली की शेतांना बांध दिसू लागतात, मातीचा रंग पिवळट-तांबूस होत जातो आणि भंडारा रोडपर्यंत धानाच्या बांध्यांनी, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांनी, दोन्ही बाजू व्यापलेल्या असतात. गोंदियाकडे पाऊस १३०० मिलिमीटरच्या आसपास जातो. कपाशीच्या मुळांशी पाणी साचले तर ती पिवळी पडते, धानाला मात्र तेच साचलेले पाणी हवे असते. म्हणून पश्चिमेकडे शेतातून पाणी काढून देण्याची व्यवस्था दिसते आणि येथे ते अडवण्याची.

या बांध्या सह्याद्रीतल्या डोंगरउतारावरच्या भातखाचरांसारख्या उंच पायऱ्यांच्या नसतात. जमीन किंचित उतरती असते, त्यामुळे एका बांधीतून दुसरीत पाणी उतरण्यापुरताच फरक असतो, आणि उताराच्या वरच्या अंगाला बहुधा बोडी म्हणजे लहान तळे किंवा मामा तलाव म्हणजे मालगुजारांच्या काळातला जुना तलाव असतो. चित्रात दोन खाचरांतली उंची माणसाच्या कमरेइतकी दिसत असेल तर ते पूर्व विदर्भाचे असण्याची शक्यता कमी आहे. आणि तुरीची गोष्ट येथे येते: वऱ्हाडात जी तूर शेताच्या आत ओळीने होती, ती भंडाऱ्यात बांधावर चढलेली दिसते, कारण बांधीतल्या पाण्यात ती जगत नाही. धान कापून गेले तरी ही खूण काही आठवडे टिकते.

धानाची अवस्था वाचणे कपाशीपेक्षा सोपे आहे. जून-जुलैत एका कोपऱ्यात दाट, पोपटी पऱ्हे म्हणजे रोपे आणि बाकी बांध्या रिकाम्या. जुलै-ऑगस्टमध्ये चिखलात रोवणी. सप्टेंबरमध्ये सलग हिरवे. आणि आता एका बांधीत जमिनीवर पसरलेल्या कापलेल्या धानाच्या कडपा, तर शेजारी अजून हिरवट भारी धान. ही सरमिसळ दिसली की दिवाळीच्या मागचा-पुढचा काळ समजावा. शेतात धानाचे पुंजणे म्हणजे गंज्या रचलेल्या आणि खुंटांमधून लाखोळी हे कडधान्य वर आलेले असेल तर नोव्हेंबर उलटून गेलेला असतो. फसगत होते ती तुडतुड्यांमुळे. त्यांनी जाळलेले धान लांबून पिकल्यासारखे तपकिरी दिसते, पण ते गोल चट्ट्यांत असते आणि त्याच्या लोंब्या दाण्यांच्या भाराने वाकलेल्या नसतात.

चिखलदऱ्याच्या हिरव्या उतारांची छायाचित्रे पाहून तेथे चहा आहे का, असे अनेकांनी मला विचारले आहे. तेथे आहे ती कॉफी, झाडांच्या सावलीत, वेगवेगळ्या उंचीच्या झुडपांची. चहा वरून सारखा छाटलेला असतो आणि मळाभर एकच सपाट पृष्ठभाग दिसतो. चहाचे तसे उतार निलगिरी-मुन्नारकडचे असतात. उतार हीदेखील चहाची अट नाही, आसामात तो सपाटीवर आहे.

जाणाऱ्यांनी दिवसाची, सर्व स्थानकांवर थांबणारी गाडी घ्यावी आणि सूर्याच्या विरुद्ध बाजूची, म्हणजे या दिवसांत उत्तरेकडची खिडकी धरावी. कपाशीच्या शेतात शिरण्यापूर्वी फवारणी कधी झाली हे अवश्य विचारावे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले आहेत, तेव्हा ताजी फवारणी असेल तर धुऱ्यावरूनच पाहावे. धानाच्या बांधीत कडपांवर पाय देऊ नये, दाणा झडतो.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गोंदिया-भंडाऱ्यात हिरवेगार धान दिसले तर पावसाळ्याचा अंदाज बांधू नये. इटियाडोहसारख्या धरणांच्या पाण्यावर तेथे उन्हाळी धान घेतले जाते. तेव्हा आजूबाजूला पाहावे: पळस फुललेला किंवा पानगळ झालेला असेल, बांधांवरचे गवत वाळलेले असेल आणि हिरवा पट्टा कालव्याच्या किंवा विहिरीच्या आवाक्यापुरताच असेल. पावसाळी धानात बांधही हिरवे असतात.