सहाचं दान

दुपारचं जेवण आटोपून जरा पाठ टेकावी म्हटलं, तर जिन्यातून गलका. खालच्या मजल्यावरची पोरं पायऱ्यांवर ल्युडो मांडून बसली होती. त्यातल्या एकाच्या चारही सोंगट्या अजून घरातच होत्या आणि तो दर खेपेला फासा हातात खुळखुळवत म्हणत होता, "आता पडणारच! इतक्या वेळा नाही पडला ना, म्हणजे आता पडायलाच पाहिजे." त्याच्या आवाजात हक्क होता. बँकेत मुदत ठेव पिकल्यावर माणूस खिडकीशी ज्या आवाजात बोलतो ना, तसा.

झोप उडाली. आयुष्यभर कॉलेजात सांख्यिकी शिकवलेल्या बाईच्या कानाशी कोणी असं बोललं की तिची वामकुक्षी संपलीच.

आजोळी मे महिन्यात हाच खेळ सोप्यावर रंगायचा. बाहेर ऊन मी म्हणत असायचं, आत सारवलेल्या जमिनीचा गारवा आणि औषधाच्या बाटलीच्या टोपणात खुळखुळणारा फासा. मामाचं मत त्या पोरासारखंच: बराच वेळ सहा पडला नाही की फाशावर आपलं देणं साचतं, आणि तो ते कधीतरी चुकतं करतो. मामीचं नेमकं उलट. ती म्हणायची, "हा फासा दमलाय, याच्याकडून काही व्हायचं नाही. दुसरा आणा." खरंच उठून फळीवरच्या डबीतून दुसरा फासा काढून आणायची. मामाच्या लेखी थांबल्याने सहा जवळ येतो, मामीच्या लेखी तो लांब जातो. दोघं हिरिरीने भांडत आणि आम्ही मुलं तेवढ्यात सोंगट्या दोन घरं पुढे सरकवत असू.

पुढे वर्गात समजलं की चांगल्या फाशाच्या बाबतीत तिसरंच उत्तर बरोबर आहे. सहा जवळ येत नाही आणि लांबही जात नाही. तो होता तिथेच असतो.

हजार पोरं हजार पटांवर बसली आहेत असं धरू. पहिल्या तीन टाकांत सहा न पडण्याची शक्यता पाच षष्ठांश गुणिले पाच षष्ठांश गुणिले पाच षष्ठांश. म्हणजे तीन टाकांनंतर साधारण ५७९ पोरं अजून रडतखडत बसलेली, शंभरात अठ्ठावन्न. खेळ चालू ठेवला तर दहा टाकांनंतर अशी १६२ उरतात. सगळ्यात कमनशिबी, सगळ्यात जास्त थांबलेली. आता फक्त यांच्याकडे बघायचं. यांनी आणखी तीन टाक टाकले की किती उरतात? ९४. आणि १६२ मधले ९४ म्हणजे पुन्हा शंभरात अठ्ठावन्नच. दहा टाकांची तपश्चर्या जमेला धरलीच गेली नाही. सुरुवातीला सरासरी सहा टाकांनी सहा पडणार होता, दहा टाक वाया गेल्यावरही इथून पुढे सरासरी सहाच टाक लागणार.

सांख्यिकीत याला स्मृतिहीनता म्हणतात. फाशाला काही आठवत नाही म्हटलं की वर्ग मान डोलवायचा. पण मग मी विचारायचे, "पहिला सहा कितव्या टाकाला पडण्याची शक्यता सर्वांत जास्त?" बहुतेक हात सहाव्या टाकासाठी वर जायचे. उत्तर आहे पहिल्याच. पहिल्या टाकाला सहात एक. दुसऱ्याला पहिला सहा पडायचा तर आधी एकदा हुकावं लागतं, म्हणून शक्यता त्याहून थोडी कमी, तिसऱ्याला आणखी कमी. या उतरत्या पायऱ्यांना भूमितीय वितरण म्हणतात. एकेक टाक मोजत थांबण्याचे जेवढे प्रकार असतील त्यांत विसरभोळं हे एकच.

टाक मोजता येतात, पण बस काही टाकागणिक येत नाही. बसथांब्यावर उभं राहिलं की घड्याळ सलग चालतं. तरी युक्ती तीच. सरासरी दहा मिनिटांनी बस येते असं धरा आणि दर मिनिटाला नशीब फासा टाकतंय, दहात एक संधी. दहा मिनिटं बस न येण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.३५. आता मिनिटाऐवजी दर सेकंदाला फासा, सहाशेत एक संधी. तीच शक्यता ०.३६८ च्या जवळ सरकते. याहून बारीक क्षण केले तरी आकडा तिथेच घुटमळतो. हे झालं घातांकी वितरण, दहा मिनिटांची शक्यता e⁻¹. वीस मिनिटं थांबावं लागण्याची शक्यता ०.३६८ चा वर्ग, सुमारे ०.१३५. कारण पहिली दहा मिनिटं सरल्यावर दुसरी दहा अगदी पहिल्यासारखी, कोरी सुरू होतात. थांबण्याच्या वेळा बेरजेने वाढतात आणि शक्यता गुणाकाराने घटतात. सलग वेळेत हा नियम पाळणारं वितरणही एकच, हेच.

इतका विसराळू खऱ्या जगात कोण असतो? अणू असतो. रदरफोर्ड आणि गायगर यांनी मँचेस्टरला १९१० साली पोलोनियममधून सुटणारे अल्फा कण पडद्यावरच्या लुकलुकीवरून मोजले. साडेसात सेकंदांचा एकेक तुकडा, असे २६०८ तुकडे, एकूण १०,०९७ कण. म्हणजे एका तुकड्यात सरासरी ३.८७. कण जर मागचं काहीच न आठवता सुटत असतील तर साडेसात सेकंदांत एकही न सुटण्याची शक्यता e⁻³·⁸⁷, आणि असे रिकामे तुकडे ५४ च्या आसपास निघायला हवेत. निघाले ५७. अणू म्हातारा होत नाही. हजार वर्षं न फुटलेला अणू आणि आत्ता तयार झालेला अणू यांची पुढच्या मिनिटाची जोखीम सारखीच.

बस अणूपेक्षा बरीच माणसाळलेली. वेळापत्रक पाळणारी असेल तर थांबलेलं जमेला धरलं जातं. दर दहा मिनिटांची गाडी आठ मिनिटं आली नसेल तर दोन मिनिटांत येईल, इथे मामा जिंकतो. पण रहदारी, सिग्नल, मधेच बंद पडलेल्या गाड्या यांनी वेळापत्रकाचा पार चोथा केला की येणं जवळजवळ विसराळू होतं. ओळखायचं कसं? थांब्यावर नुकतेच आलेले लोक सरासरी किती थांबतात ते बघायचं, आणि दहा मिनिटं आधीच उभे असलेले इथून पुढे किती थांबतात तेही. दोन्ही आकडे सारखे आले तर गाडीला तुमची आठवण नाही. दुसरा कमी आला तर थोडीफार आहे.

या विसराळूपणात एक खोच आहे. बस नेमकी दर दहा मिनिटांनी येत असेल तर केव्हाही थांब्यावर जाणारा माणूस सरासरी पाच मिनिटं थांबतो. विसराळू गाड्यांचं अंतरही सरासरी दहाच, पण आपण थांबतो दहा मिनिटं, कारण आपण कुठल्याही क्षणी आलो तरी घड्याळ तिथून कोरं सुरू होतं. मागे वळून पाहिलं तर आधीची गाडी जाऊनही सरासरी दहा मिनिटं झालेली असतात. म्हणजे आपण ज्या खंडात सापडलो तो सरासरी वीस मिनिटांचा! डेपोतला नोंदवहीवाला म्हणतो अंतर दहा मिनिटांचं, प्रवासी म्हणतो वीस मिनिटं गाडी नव्हती, आणि दोघंही खरं बोलतात. नोंदवहीत लहान खंडाला आणि मोठ्या खंडाला एकेकच ओळ मिळते, पण माणसं मोठ्या खंडातच जास्त अडकतात. तक्रार घेऊन येणारेही तेच.

आता मामीकडे वळते, कारण तिला आम्ही फार हसलो. वर सगळीकडे मी गृहीत धरलंय की सरासरी आपल्याला ठाऊक आहे. प्रत्यक्षात ती कुठे ठाऊक असते? समजा कसली तरी सुट्टी आहे. गाड्या नेहमीसारख्या सोडल्या असतील तर सरासरी दहा मिनिटं, कमी केल्या असतील तर तीस. यातलं काय ते कळायला मार्ग नाही, म्हणून अर्धं-अर्धं धरायचं. थांब्यावर पोचताना अपेक्षित वाट वीस मिनिटांची. वीस मिनिटं होतात, गाडी नाही. असे शंभर दिवस डोळ्यांपुढे आणा. नेहमीच्या पन्नास दिवसांपैकी वीस मिनिटं गाडीच आली नाही असे साधारण सात. कमी गाड्यांच्या पन्नासांपैकी असे साधारण सव्वीस. म्हणजे ज्या तेहतीस दिवसांपैकी एका दिवशी आपण उभ्या आहोत, त्यांतले सव्वीस वाईट. इथून पुढची सरासरी वाट काढली तर येते जवळजवळ सव्वीस मिनिटं. वीस मिनिटं उभं राहून वाट सहा मिनिटांनी वाढली!

गाडी इथेही विसराळूच आहे, दोन्ही प्रकारच्या दिवशी. शहाणपण आपल्याला आलं, आणि शहाणपण नेहमीप्रमाणे वाईट बातमी घेऊन आलं. मामीचा फासाही कदाचित एका बाजूला झिजलेला असेल. चांगला फासा दमत नाही हे खरंच, पण बराच वेळ सहा देत नसलेला फासा चांगला आहे की नाही अशी शंका घेणं यात अडाणीपणा काही नाही. प्रश्न एवढाच की किती टाकांनंतर उठायचं, आणि फळीवरचा दुसरा फासा याहून बरा आहे हे कशावरून.

थांब्यावर हाच प्रश्न रिक्षाचा. सरासरी पक्की ठाऊक असेल तर हिशेब अगदी रूक्ष आहे: आल्या आल्या रिक्षा करणं परवडत नव्हतं तर वीस मिनिटांनीही परवडत नाही, कारण पुढची वाट तेवढीच आहे. "इतका वेळ थांबले, आता कशाला जाऊ" हे जितकं पोकळ, तितकंच "इतका वेळ थांबले, आता पुरे" हेही. सरासरीचीच शंका असेल तर मात्र एक मिनिट असं येतं की तिथून रिक्षा स्वस्त पडायला लागते, आणि ते मिनिट कागदावर काढता येतं. मी काढलंही आहे. पण आमच्या नाक्यावरचे रिक्षावाले मीटर टाकत नाहीत, त्यामुळे त्या समीकरणात एका जागी घालायला आकडाच मिळत नाही.