आमची वाटचाल: ग्राहकाचा पैसा, फर्मचा पैसा

आमची फर्म सुरू झाली ती निव्वळ ब्रोकिंगवर. ग्राहकाची ऑर्डर घ्यायची, बाजारात पुरी करायची, ठरलेली दलाली घ्यायची. फर्मचं स्वतःचं भांडवल लावणारा प्रॉप डेस्क बऱ्याच उशिरा उभा राहिला. आता कामासाठी येणारी बहुतेक तरुण मंडळी सांगतात, "मला ट्रेडर व्हायचंय." आम्ही त्यांना विचारतो, कुणाच्या पैशाने? ग्राहकाच्या ऑर्डर पुऱ्या करणारा डीलर आणि फर्मच्या पैशाने सौदे करणारा प्रॉप ट्रेडर एकाच स्क्रीनकडे बघत असतात, पण दोघांचा दिवस चांगला की वाईट हे अगदी वेगळ्या गोष्टींवर ठरतं.

आधी डीलरचं काम सांगतो, कारण त्याला लोक उगाच कमी लेखतात. आमच्या एका संस्थात्मक ग्राहकाला एका मध्यम आकाराच्या कंपनीचे 60,000 शेअर एका दिवसात घ्यायचे होते. त्या शेअरची रोजची उलाढाल सरासरी 4 लाख शेअरची, म्हणजे आमची एकटी ऑर्डर दिवसाच्या उलाढालीच्या 15 टक्के. स्क्रीनवर विक्रीला 250.00 भावाने 1,500 शेअर होते, 250.20 ला 2,000 आणि 250.50 ला 1,800. सगळी ऑर्डर एकदम टाकली असती तर आम्हीच भाव वर ढकलला असता, आणि मोठा खरेदीदार आलाय हे कळल्यावर विक्रेत्यांनी हात आखडता घेतला असता.

आमच्या डीलरने ऑर्डरचे पाचशे-आठशे शेअरचे तुकडे केले. बाजार उघडताना आणि बंद होताना उलाढाल जास्त असते, तेव्हा तिने हात मोकळा ठेवला. दुपारी बाजार मंद झाला तशी तीही मंदावली. मध्येच 251.00 ला एकाच वेळी 12,000 शेअर विक्रीला आले. तिने ते सगळे उचलले. ऑर्डरचा पाचवा हिस्सा एकाच भावात मिळण्याची संधी अशा शेअरमध्ये क्वचितच येते, हे तिला त्या शेअरची रोजची चाल बघून माहीत होतं.

दुपारनंतर आणखी कुणी खरेदीदार उतरला आणि भाव चढू लागला. 9,000 शेअर बाकी होते. तिने ग्राहकाला स्वतःहून फोन केला, काय घडतंय ते सांगितलं आणि विचारलं, पुरे करू की उद्यावर ठेवू? त्यांनी पुरे करायला सांगितलं. सरासरी भाव 251.10 पडला. त्या दिवसाचा व्हीवॅप, म्हणजे झालेल्या सगळ्या सौद्यांचा शेअरसंख्येनुसार काढलेला सरासरी भाव, 250.90 होता. फरक 0.20, साधारण 8 बेसिस पॉइंट, म्हणजे 0.08 टक्के. ग्राहक या आकड्यावर समाधानी होता, कारण चढत्या भावात ऑर्डर पुरी करण्याचा निर्णय त्याने स्वतः, सगळं माहीत असताना घेतला होता. शेअर वर जाणार की खाली, याचा अंदाज या कामात तिने कुठेच बांधला नाही. तिचं कौशल्य तरलता ओळखण्यात, संयमात आणि वेळेवर केलेल्या त्या एका फोनमध्ये होतं.

प्रॉप डेस्कवर येणाऱ्या उमेदवाराला आम्ही कागदावर एक गणित घालतो. शेअरचा रोख भाव 500, महिन्याभराने संपणाऱ्या फ्युचरचा, म्हणजे आज भाव ठरवून पुढच्या तारखेला पुरा करायच्या सौद्याचा, भाव 503.50. शेअर घेऊन फ्युचर विकलं तर मुदतीला दोन्ही भाव एकत्र येतात आणि 3.50 चा फरक हाती येतो. वर्षाला 7 टक्के दराने 500 वर 30 दिवसांचं व्याज 2.88 आणि दोन्ही बाजूंचा खर्च 0.40 वजा केला, तर शेअरमागे 0.22 उरतात. 20,000 शेअरवर 4,400. मग आम्ही विचारतो, यात धोका कुठे आहे?

बरेच जण म्हणतात, दोन्ही बाजू बांधलेल्या आहेत, धोका नाही. चांगला उमेदवार दोन गोष्टी हेरतो. पहिली म्हणजे दोन्ही सौदे एकाच क्षणी होत नाहीत. एक बाजू झाली आणि दुसरी होईपर्यंत भाव 0.30 ने सरकला तर नफा संपून सौदा तोट्यात जातो. म्हणून ज्या बाजूला उलाढाल कमी, तिची ऑर्डर आधी लावायची आणि ती पुरी झाली की लगेच दुसरी मारायची.

दुसरी गोष्ट ओळखणारे फार थोडे. समजा शेअर 540 वर गेला. शेअरवर 40 चा नफा आहे, पण तो कागदावर. फ्युचरवरचं 40 चं नुकसान मात्र रोजच्या रोज रोखीने भरावं लागतं. 20,000 शेअरवर ते 8 लाख झाले. ते भरायला पैसे नसतील तर हिशेबाने अगदी बरोबर असलेला सौदाही मुदतीआधी मोडावा लागतो. जो उमेदवार 0.22 काढून थांबतो त्याचं गणित पक्कं असतं. जो पुढे विचारतो की मधल्या दिवसांत रोख कुठून येणार, त्याला आम्ही डेस्कवर घेतो.

एका डेस्कवरचा माणूस दुसऱ्या डेस्कवर जाऊ शकतो का? जातात, पण आपोआप जमत नाही. डीलरला ऑर्डर बुक हाताच्या रेषांसारखं वाचता येतं, पण त्याला दिवसभर कुणीतरी काम देत असतं. प्रॉप डेस्कवर काम कुणी देत नाही. सौदा नसेल तर गप्प बसायचं आणि असेल तर आकार स्वतः ठरवायचा, हे पुष्कळांना जड जातं. उलट, चांगल्या प्रॉप ट्रेडरला ग्राहकासाठी बसवलं तर त्याच्या ऑर्डरमध्ये स्वतःचं मत मिसळायचा मोह होतो. "जरा थांबतो, भाव खाली येईल" हे ठरवण्याचा अधिकार ग्राहकाने दिला असेल तरच डीलरला असतो.

सर्वात नाजूक जागा म्हणजे चुकीची ऑर्डर. खरेदीऐवजी विक्री झाली, तर ते सौदे एरर अकाउंटमध्ये जातात आणि पोझिशन त्याच क्षणी बंद करायची असते, तोटा कितीही लागो. "थोडं थांबू, भाव परत येईल" असं म्हटलं की डीलर परवानगीशिवाय प्रॉप ट्रेडर झालेला असतो. 1995 मध्ये ब्रिटनची बेअरिंग्ज बँक बुडाली ती याच वाटेने. तिचा सिंगापूरमधला ट्रेडर निक लीसन याने तोटे 88888 क्रमांकाच्या एरर अकाउंटमध्ये लपवले आणि तोटा 82 कोटी पौंडांच्या वर गेला. सौदे करणारा आणि त्यांचा हिशेब मिटवणारा विभाग सांभाळणारा माणूस एकच होता, म्हणून ते इतका काळ दिसलं नाही. आमच्याकडे सेटलमेंट आणि रिस्क बघणारी मंडळी कोणत्याही ट्रेडरच्या हाताखाली नाहीत, आणि एरर अकाउंट रोज संध्याकाळी शून्यावर आलेलं मला स्वतःला दाखवावं लागतं.

सेटलमेंट आणि रिस्कच्या या तिसऱ्या वाटेकडे तरुणांनी बघावं असं मला मनापासून वाटतं. ज्याला जुळत नसलेला एक आकडा स्वस्थ बसू देत नाही, तो रिस्कमध्ये फार पुढे जातो, आणि त्याचं उत्पन्न बाजाराबरोबर वर-खाली होत नाही. डीलरला पगार आणि दलालीतला वाटा मिळतो. प्रॉप ट्रेडरचा निश्चित पगार बहुधा कमी, नफ्यातला हिस्सा मोठा, आणि तोट्याची मर्यादा ओलांडली की खुर्ची जाते.

प्रॉपच्या नावाखाली उमेदवाराकडूनच परीक्षेचं शुल्क घेणाऱ्या फर्मही आहेत. तिथे जाण्याआधी विचारावं की फर्मची कमाई ट्रेडरच्या नफ्यातून होते की नापास होणाऱ्यांच्या शुल्कातून, आणि सौदे खऱ्या बाजारात जातात की नुसत्या सराव खात्यात.

आमच्याकडे नवीन माणूस, कुठलाही डेस्क हवा असला तरी, आधी सेटलमेंटला बसतो. काल झालेला प्रत्येक सौदा, त्याचं मार्जिन, भरलेली रोख आणि न जुळलेली नोंद त्याच्या हातून जाते. त्यानंतर तो कुठला डेस्क मागतो ते पुन्हा विचारतो, आणि बऱ्याच जणांचं उत्तर तोवर बदललेलं असतं.