झाड कुणाचं?

पुण्यात एप्रिल-मेमध्ये गाडी लावायला सावली मिळणं हे मोठं भाग्य समजतात. सोसायटीत ज्याची जागा गुलमोहराखाली असते, त्याच्याकडे बाकीचे जरा असूयेनं पाहतात. मग एखाद्या संध्याकाळी वळीव येतो, वारा सुटतो आणि त्या सगळ्या असूयेचा हिशेब चुकता होतो. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं फारशी खोल न जाणारी आणि आपण बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून ठेवलेले. त्यानं उभं राहावं तरी कशाच्या जोरावर?

आमच्या आवारात फांदी पडली तेव्हा खाली दोन वाहनं होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची छोटी कार आणि शेजारच्या विंगमधल्या एका मुलीची स्कूटर. पाऊस थांबायच्या आतच चर्चा सुरू झाली, ती म्हणजे झाड कुणाचं? सोसायटीचं की महापालिकेचं? खोड कुंपणाच्या आत, फांदी बाहेरच्या रस्त्यावर झुकलेली, मुळं दोन्हीकडे. सेक्रेटरी म्हणाले, महापालिकेचं. खजिनदार म्हणाले, सोसायटीचं असेल तरी पैसे कुठून आणायचे? एकानं तर झाड नेमकं कुणी लावलं इथपर्यंत इतिहास खणला.

गंमत म्हणजे हा प्रश्न विमा कंपनीला पडतच नाही. ज्याला आपण ‘फर्स्ट पार्टी’ किंवा ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो, त्या पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो, त्यात आग, चोरी, दंगल, भूकंप, पूर, वादळ, गारपीट यांच्या रांगेत ‘बाह्य कारणानं झालेला अपघात’ असंही एक कलम असतं. म्हणजे वारा नसताना, अगदी ऐन दुपारी कुजलेली फांदी मोडून टपावर बसली तरी ती त्यात येते. झाड सोसायटीचं, सरकारी की शेजाऱ्याचं, गाडी आवारात होती की रस्त्याच्या कडेला, यावर क्लेम अडत नाही. अडतो तो एकाच गोष्टीवर, पॉलिसीत तो भाग आहे का आणि तो चालू आहे का.

त्या मुलीचा घोळ नेमका इथे झाला. स्कूटर दोन वर्षांपूर्वी शोरूममधून घेतलेली. ‘पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे’ असं तिला सांगितलेलं, आणि ते खोटंही नव्हतं. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. पण थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तिच्या पॉलिसीत एकाच वर्षाचा होता, आणि तो केव्हाच संपला होता. हा भाग नुसता, वेगळाही विकत मिळतो, पण ते कुणी सांगितलं तर! कागदावर दोन वेगवेगळ्या ‘पासून-पर्यंत’ तारखा छापलेल्या होत्या, आपण मात्र शेवटची तेवढी वाचतो. हँडल वाकलेलं, पुढचा पॅनेल फुटलेला, आणि सगळा खर्च तिच्या खिशातून.

काकांची पॉलिसी धडधाकट होती आणि काका त्याहून. फांदी ओढायला धावलेल्या पोरांना त्यांनी आधी थांबवलं. नंबर प्लेट आणि फांदी एकाच चौकटीत येतील असे फोटो काढले, मग चारही बाजूंनी, मग टपाचा खड्डा जवळून. नंतर 101 ला फोन. अग्निशमन दलानं फांदी कापली, त्या नोंदीची प्रत त्यांनी पुढे मागून घेतली. रात्रीच कंपनीला कळवलं आणि कंपनीचा माणूस गाडी पाहून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला एक स्क्रूही खोलू दिला नाही. हे महत्त्वाचं, कारण दुरुस्ती आधी आणि क्लेम नंतर म्हटलं की नुकसान दाखवणार काय? फॉर्मात ‘चालकाचं नाव’ असा रकाना होता. काकांनी तिथे ‘गाडी उभी होती’ असं ठसठशीत लिहिलं.

मग नुकसानीचा अंदाज काढणारा सर्व्हेअर आला. लोकांना वाटतं हा पैसे कापायला येतो. कापतो खरा, पण मनाला येईल तसं नाही. गाडी साडेतीन वर्षांची. त्या वयाला पत्र्याच्या भागांवर 25 टक्के घसारा, म्हणजे जुनेपणापोटी कपात, धरतात. प्लास्टिक-रबरावर वय काहीही असो, निम्मा. काचेवर शून्य. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा म्हणजे रंगाचं सामान समजतात आणि त्याच्या निम्मे कापतात. मजुरीला हात लावत नाहीत.

काकांनी तो कागद मला दाखवला. टप आणि बॉनेट मिळून 32 हजार, त्यातले 8 हजार गेले. पुढची काच 9 हजार, पूर्ण मान्य. आरसा, पट्ट्या वगैरे प्लास्टिक 6 हजार, त्यातले 3 गेले. रंग 16 हजार, त्यातले 2 गेले. मजुरी 20 हजार, पूर्ण. बिल झालं 83 हजार, घसारा 13 हजार. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममागे सक्तीची वजावट 1 हजार. मिळाले 69 हजार. 14 हजार काकांचे. ज्याला एजंट लोक ‘बंपर टू बंपर’ म्हणतात ते जोडकलम घेतलेलं असतं, तर घसाऱ्याचे 13 हजार वाचले असते. काका यावर दोन दिवस हळहळले. मला विचाराल तर झाडाखाली जागा मिळालेल्यानं तरी ते घ्यावंच.

दुसरा फटका बसला तो नूतनीकरणाच्या वेळी. तीन वर्षं क्लेम नव्हता म्हणून 35 टक्के नो क्लेम बोनस जमला होता, तो शून्यावर आला. ही सवलत स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावरच असते. काकांचा तो हप्ता 8 हजारांचा, म्हणजे 2,800 रुपये गेले आणि शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून. 69 हजारांपुढे हे किरकोळ. पण नुसता आरसा तुटून 3 हजारांचं बिल आलं असतं, तर निम्मा घसारा आणि हजाराची वजावट जाऊन हाती 500 रुपये आले असते आणि बोनस गेला असता तो वेगळाच. अशा वेळी गपचूप आरसा बदलून घ्यावा. चूक कुणाची यानं बोनस ठरत नाही. क्लेम केला की तो जातो.

राहता राहिला तो मूळ प्रश्न. झाड कुणाचं हे त्या मुलीला मात्र विचारावंच लागणार होतं, कारण तिच्या बाजूनं कंपनी नव्हती. पण सोसायटीकडून भरपाई मागायची तर झाड सोसायटीचं आहे एवढं पुरत नाही, हलगर्जीपणा दाखवावा लागतो. फांदी वाळली आहे हे कमिटीला माहीत होतं का, कुणी लेखी तक्रार केली होती का, मग कमिटीनं काय केलं? आणि सोसायटीलाही आपल्या आवारातली फांदी परस्पर तोडता येत नाही, राज्याच्या 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. सेक्रेटरींनी कपाटातून एक अर्ज शोधून काढला. फांद्या छाटण्याची विनंती, तारीख आदल्या वर्षीची, खाली सह्या. फक्त महापालिकेची पोच नव्हती. अर्ज दिला होता की नुसताच लिहिला होता, यावर पुढची बैठक रंगली. शेवटी वर्गणी काढून स्कूटरचा अर्धा खर्च भरायचं ठरलं, आणि काकांनी त्यातही पावती मागितली.