आधी उत्तर, मग प्रश्न

रात्री लॉग वाचत बसणं हा काही छंद नाही, पण कधीकधी बसावं लागतं. त्या रात्री दोन मशीन्समधलं एक बोलणं मध्येच तुटत होतं. म्हणून दोन्हींचे लॉग एकत्र केले, वेळेनुसार लावले आणि वाचायला घेतले. तेव्हा हे दिसलं:

```
02:14:04.731  B  request 7731 received
02:14:04.733  B  reply 7731 sent
02:14:07.912  A  request 7731 sent
02:14:07.954  A  reply 7731 received
```

म्हणजे A ने विचारायच्या तीन सेकंद आधीच B ने उत्तर देऊन टाकलं होतं! इतकं तत्पर मशीन मी पाहिलेलं नाही. पहिला तासभर मी भलतंच शोधत होतो. 7731 हा क्रमांक दोनदा वापरला गेला का, जुनं उत्तर कुठे अडकून राहिलंय का, असलं काहीबाही. घड्याळावर संशय घ्यायचं डोक्यातच आलं नाही. कॉम्प्युटरने वेळ सांगितली की आपण ती बिनबोभाट मानतो. भिंतीवरच्या घड्याळाला मात्र 'पाच मिनिटं पुढे आहे हं' असं सगळं घर सांगत असतं.

खरं तर दोघांची जात एकच. आत क्वार्ट्‌झच्या स्फटिकाचा इवलासा तुकडा असतो, तो वीज मिळाली की थरथरतो आणि ती थरथर मोजून वेळ काढली जाते. मनगटी घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, मदरबोर्डवरचा कोट्यवधी वेळा. पण कोणताही तुकडा अगदी ठरलेल्या आकाराचा कापला जात नाही. शिवाय तो तापला की त्याची चाल बदलते आणि वर्षं सरली की तो थोडा म्हातारा होतो. दहा लाख थरथरींत वीसची चूक म्हणजे साध्या स्फटिकासाठी चांगली कामगिरीच, पण दिवसाचे 86,400 सेकंद धरले तर तेवढ्यानेही रोज 1.7 सेकंदांचा फरक पडतो. एकसारखी दोन मशीन्स शेजारी ठेवा, एकाच क्षणी घड्याळं लावा. महिन्याभराने त्यांचं पटेनासं झालेलं असेल.

म्हणून मशीन्स अधूनमधून दुसऱ्याला वेळ विचारतात. विचारण्याची रीत म्हणजे एनटीपी, डेलावेअर विद्यापीठातल्या डेव्हिड मिल्स यांनी बसवलेली. तिचं पहिलं टिपण 1985 चं. अडचण अशी, की उत्तर हातात पडेपर्यंत शिळं झालेलं असतं. 'आत्ता किती वाजले' याला कुणी पत्राने उत्तर धाडलं, तर पत्र वाटेत किती वेळ होतं हे कळल्याशिवाय त्या आकड्याचा काय उपयोग? एनटीपी यासाठी चार वेळा टिपते: प्रश्न निघाला ती वेळ, तो पोचला ती, उत्तर निघालं ती, आणि उत्तर पोचलं ती. पहिली आणि चौथी आपल्या घड्याळाची, मधल्या दोन समोरच्याच्या.

हे आठवलं आणि मी पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. चार ओळी, चार वेळा. ज्या लॉगला मी तासभर शिव्या घालत होतो, त्यातच हिशेब पूर्ण मांडून ठेवलेला होता.

A च्या घड्याळाने प्रश्न जाऊन उत्तर यायला 42 मिलिसेकंद लागले. त्यातले 2 B ने विचार करण्यात घालवले. उरलेले 40 वाटेत गेले. इथे एक गंमत लक्षात घ्या: दोन घड्याळांत तीन सेकंदांची तफावत असूनही ही वजाबाकी बिनचूक येते, कारण प्रत्येक फरक एकाच घड्याळातल्या दोन आकड्यांचा आहे. आता तफावत. जाताना B चा आकडा A पेक्षा 3.181 सेकंदांनी मागे, येताना 3.221 ने मागे. जातानाच्या प्रवासाने फरक थोडा झाकला, येतानाच्या प्रवासाने तेवढाच वाढवला. दोन्हींचा मध्य काढला की 3.201. म्हणजे B तीन सेकंदांहून जरा जास्तच मागे चाललं होतं.

या मध्यात एक गृहीतक दडलेलं आहे, आणि मला ते नेहमी थोडं खुपतं. जायला 20 आणि यायलाही 20 मिलिसेकंद लागले असं आपण धरलं. समजा जायला 35 आणि यायला 5 लागले असतील तर? बेरीज तीच 40 राहील आणि लॉगमध्ये काहीच वावगं दिसणार नाही, पण उत्तर 15 मिलिसेकंदांनी चुकेल. निव्वळ या चार आकड्यांतून ही चूक पकडता येत नाही. एवढंच ठामपणे म्हणता येतं, की ती वाटेतल्या वेळेच्या निम्म्याहून, म्हणजे इथे 20 मिलिसेकंदांहून, जास्त नसेल. म्हणून वेळ विचारायची तर जवळच्याला विचारावी, आणि एकालाच विचारू नये.

मग B कुणालाच का विचारत नव्हतं? विचारत होतं बिचारं. `chronyc sources` ही आज्ञा दिली तर Reach या रकान्यात सगळीकडे शून्य. शेवटच्या आठही हाकांना ओ मिळाली असती तर तिथे 377 दिसलं असतं. तीन दिवसांपूर्वी हे मशीन बसवलं तेव्हा फायरवॉलमध्ये यूडीपीचं 123 क्रमांकाचं पोर्ट कुणी उघडलंच नव्हतं. हा 'कुणी' मीच.

पोर्ट उघडलं आणि B ने एका उडीत तीन सेकंद भरून काढले. ते मागे होतं म्हणून हे निभावलं. पुढे असतं तर घड्याळ उलटं फिरलं असतं, तेच तीन सेकंद दोनदा आले असते आणि नंतर सेव्ह केलेली फाइल आधीच्या फाइलपेक्षा जुनी ठरली असती. प्रोग्राम बांधताना `Clock skew detected` अशी तक्रार येते ती अशाच घोळामुळे. म्हणून फरक थोडा असला की घड्याळ ढकलायचं नसतं, त्याची चाल किंचित कमीजास्त करायची. ntpd हा एनटीपी चालवणारा प्रोग्राम तर सेकंदाला जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद सरकवतो. दहावा भाग सेकंद भरून काढायला निदान 200 सेकंद लागतात. तेवढा वेळ घड्याळ थोडं चुकीचं असतं, पण कुठलाही क्षण गाळत नाही की दोनदा सांगत नाही.

थोडं थोडं दुरुस्त करता करता B ला आपली खोडही कळली. दुसऱ्या दिवशी `chronyc tracking` मध्ये ही ओळ होती:

```
Frequency       : 12.416 ppm slow
```

कुणी सावरलं नाही तर दहा लाखांत 12.4 भाग मागे पडेन, असं ते स्वतःबद्दल सांगत होतं. मी कागदावर गुणाकार केला. दिवसाला 1.07 सेकंद. तीन दिवसांचे 3.2.