साठ रुपये येणे

मुलीला रफ वही हवी होती म्हणून माळ्यावरची पिशवी उपसली, तर आमची हिशोबाची वही हाती लागली. दोनशे पानी, आडव्या रेघांची, पुठ्ठ्यावर चहाचा गोल डाग.

पुण्यात हॉस्टेलवर आम्ही पाच जणी होतो. सुट्टे कुणाकडेच नसायचे, म्हणून पैसे एकीने भरायचे आणि वहीत मांडायचं. चहा, झेरॉक्स, रिक्षा, सगळं. गंमत म्हणजे हा हिशोब कधी शून्यावर आलाच नाही. बुधवारी जुने वीस फिटायचे, तोवर नव्या वडापावचे बारा चढलेले असायचे. त्यामुळे कुणी ना कुणी कुणाच्या तरी खोलीचं दार वाजवायचीच, "माझे पंधरा दे गं," म्हणत. पंधरा रुपये मिळायला तास-दीड तास लागायचा.

शेवटची नोंद जुलै २०११ची, सिंहगडाची. आतकरवाडीतून भर पावसात चढलो होतो. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. बिल तीनशे, म्हणजे माणशी साठ. भरले एकीने, बाकी चौघींची नावं तिच्याखाली. तिघींच्या नावांवर काट आहे. माझ्या नावावर नाही. समोर माझ्याच अक्षरात लिहिलंय : 'पुढच्या रविवारी'.

त्या रविवारी माझी मुलाखत होती. त्याच्या पुढच्या रविवारी एकीला बघायला पाहुणे आले. मग एक बंगळुरूला गेली, एक नाशिकला परतली. भांडण? छे. भांडण झालं असतं तर निदान कुणीतरी समजूत घालायला आलं असतं. ग्रुपवर "भेटूया गं" यायचं, पाचही जणी "नक्की" म्हणायच्या आणि तारीख कुणीच टाकायची नाही. मीसुद्धा. हळूहळू ग्रुपवर फक्त वाढदिवस उरले, आणि केकचं तेच ते चित्र.

२०१८मध्ये एकदा जमलो, चौघीच. छान झालं जेवण. मुलांचे फोटो पाहिले, गुडघ्यांवर बोललो. बिल एकीने भरलं आणि चपला घालेपर्यंत बाकी तिघींनी फोनवरून आपापला वाटा पाठवूनही दिला. दारातच सगळं चुकतं झालं. कुणाचं कुणाकडे काही राहिलं नाही. पाचवी, म्हणजे जिने गडावर तीनशे भरले होते ती, त्या दिवशी आली नव्हती.

"आई, हे साठ रुपये कुणाचे?" मुलीने विचारलं.

"माझ्याकडून द्यायचे राहिलेत."

"मग पाठव ना आत्ता. दोन सेकंदांचं काम."

नंबर आहे माझ्याकडे. मार्चमध्ये केकही पाठवला होता.

"तू मागची कोरी पानं घे," मी म्हटलं, "पुढची फाडू नकोस."